मदत हवी आहे: ८ जणांच्या टीममध्ये एकाला बॉटम रेटिंग द्यायलाच लागतंय

पुण्यात आयटीत लीड आहे, टीम ८ जणांची. आमच्याकडे बेल कर्व्ह आहे, १०% लोकांना सगळ्यात खालचं रेटिंग द्यावंच लागतं. आता ८ चे १०% म्हणजे ०.८, पण एचआर ते राउंड करून १ धरतंय आणि तो एक दाखवल्याशिवाय सिस्टीम फॉर्म सबमिटच करू देत नाही. खालचं रेटिंग म्हणजे इन्क्रिमेंट शून्य, व्हेरिएबल अर्धा, वर वर्षभर इंटर्नल ट्रान्सफर बंद. पोरं सगळी चांगली आहेत हो, वर्षभर एकही एस्कलेशन नाही.

मॅनेजरशी बोललो, तो म्हणे कुणीतरी एक निवड. एचआरला मेल टाकला, उत्तर आलं की पॉलिसी आहे. एकीला मॅटर्निटी लीव्हमुळे कामाला सहाच महिने मिळाले, तिचं नाव मॅनेजरने सुचवलं, ते मी करणार नाही.

अकाउंटमध्ये एकूण ४० जण आहेत, म्हणजे कोटा ४ चा, आणि शेजारच्या टीममधले दोघं नोटीस पिरियडवर आहेत. नॉर्मलायझेशन टीमऐवजी अकाउंट लेव्हलला करून घेता येतं का, आणि राजीनामा दिलेले त्या ४ मध्ये मोजतात का? कुणी करून घेतलं असेल तर कुणाकडे आणि काय मुद्दा मांडून?