मदत हवी आहे: दुसऱ्या हाफमध्ये किती टक्के स्लो झालो? तीन ठिकाणी तीन आकडे येतायत

धापाधाप
मॅरेथॉन झाली रविवारी, चार तासांत करायची होती ती ४:१८ ला झाली. पहिला हाफ १:५९, दुसरा २:१९. मी टक्केवारी काढली तर ३७.७% फेड येतोय, मित्र म्हणतो १६.८, आणि अ‍ॅप दाखवतंय १४.४. नक्की बरोबर कुठला आणि त्यावरून पेसिंग कितपत चुकलं ते सांगा. ३० नंतर वॉल लागली हे मला माहीत आहे, ते नका सांगू. जरा लवकर सांगा, पुढच्या रेसचं प्लॅनिंग आजच करायचंय.

सावकाश_जाशील
५% च्या वर गेलं की पेसिंग फेल, सिम्पल. खरा रनर दुसरा हाफ फास्ट पळतो. निगेटिव्ह स्प्लिटशिवाय चांगला टाइम येतच नाही.

मैलाचा दगड
३७.७ कसे आले? काय भागिले काय केलंत?

धापाधाप
२.१९ वजा १.५९ भागिले १.५९. यात काय चुकणार?

मैलाचा दगड
तिथेच चुकलंय :) १ तास ५९ मिनिटं म्हणजे १.५९ तास नव्हे. ११९ मिनिटं आणि १३९ मिनिटं धरा, फरक २० मिनिटांचा, २० भागिले ११९ म्हणजे १६.८%. तुमचा मित्र बरोबर. अ‍ॅपही चुकीचं नाही, ते वेळ न मोजता वेग किती पडला ते मोजतंय, आणि ११९ भागिले १३९ केलं तर तुमचा वेग ८५.६% उरला, म्हणजे १४.४% पडला. दोन्ही चालतात, फक्त एका रेसला एक आणि दुसऱ्या रेसला दुसरं असं लावून तुलना करू नका. शीटमध्ये काढायचं तर वेळ नेहमी तास:मिनिट:सेकंद अशी टाका:

```
A2: 1:59:00
B2: 2:19:00
C2: =(B2-A2)/A2
```

C2 ला टक्केवारीचा फॉरमॅट द्या. आता उरलेलं सांगा, दुसऱ्या हाफमध्ये कुठे थांबला होतात का? चढ होता का? आणि ५-५ किमीचे स्प्लिट द्या, नुसत्या हाफवरून मला काही सांगता येणार नाही.

जेलवाला
मीठ कमी पडलं असणार. मी दर ४० मिनिटांनी जेल घेतो, मला कधीच वॉल लागली नाही. तुम्ही कुठला जेल घेता?

धापाधाप
जेलचं नंतर बघू. रूट सपाट होता. थांबलो एकदाच, ३३ च्या आसपास पोटरीला क्रॅम्प आला, सहा मिनिटं बसून होतो. ऊन होतं शेवटी. स्प्लिट कशाला हवेत पण, टक्का तर निघाला ना?

मैलाचा दगड
सहा मिनिटं बसलात ते आधी नाही का सांगायचं! ती वजा केली तर दुसरा हाफ १३३ मिनिटांचा, म्हणजे फेड ११.८%. त्या १६.८ मधले पाच टक्के बसण्याचे आहेत, पळण्याचे नव्हेत.

सावकाश_जाशील
असं कसं वजा करता? घड्याळ थांबतं का बसल्यावर? क्रॅम्प फास्ट सुरुवातीमुळेच आला ना, तोही पेसिंगचाच भाग. १६.८ च धरा.

मैलाचा दगड
निकालपत्रासाठी १६.८ च. पण पाय किती मंदावले ते बघायचं असेल तर दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. आणि निगेटिव्ह स्प्लिटचं म्हणाल तर किपचोगेने २०२२ ला बर्लिनमध्ये २:०१:०९ चा विश्वविक्रम केला तेव्हा पहिला हाफ ५९:५१ आणि दुसरा ६१:१८ होता, म्हणजे २.४% फेड. पुढच्या वर्षी शिकागोत किपटमने २:००:३५ ला तो मोडला तो दुसरा हाफ फास्ट पळून. दोन्ही चालतं.

एक फेरी अजून
माझी इव्हेंट ८०० मी. आहे, मला दर वेळी ४-५% येतो, कोच ओरडतो. म्हणजे माझं पण पेसिंग खराब?

मैलाचा दगड
८०० चं गणित वेगळं. रुडिशाचा लंडन २०१२ चा विक्रम १:४०.९१, पहिले ४०० मी. ४९.२८ आणि दुसरे ५१.६३, म्हणजे ४.८% फेड. त्याला कोण ओरडणार? तिथे पहिली फेरी थोडी फास्ट जाणं ठरलेलंच असतं, मॅरेथॉनचे आकडे तिकडे लावू नका. कोच कशासाठी ओरडतात ते त्यांनाच विचारा. मूळ धाग्यावर येऊ, स्प्लिट?

धापाधाप
घ्या एकदाचे. दर ५ किमीचे: २७:१०, २७:३०, २८:२०, २९:३०, ३०:३०, ३१:३०, ३८:०० (यात ती सहा मिनिटं), ३१:४०. शेवटचे २.२ किमी १३:५०.

मैलाचा दगड
आता मजा बघा. बसलेली सहा मिनिटं काढून किमीमागे पेस लावला तर साधारण ५:२६, ५:३०, ५:४०, ५:५४, ६:०६, ६:१८, ६:२४, ६:२०, ६:१८. तुम्ही म्हणता ३० नंतर वॉल लागली, पण वॉल अशी दिसत नाही. वॉलमध्ये पेस एकदम कोसळतो आणि पुढे कोसळतच राहतो. तुमचा १० किमीपासून दर टप्प्याला दहा-चौदा सेकंदांनी घसरत गेलाय आणि ३० नंतर उलट ६:२० ला स्थिरावलाय. निम्म्याच्या आसपास घसरण तर हाफच्या आतच झाली होती, आणि ती पहिल्या हाफच्या सरासरीत लपली. म्हणून म्हणतो, हाफ-हाफचा टक्का किती मंदावलात ते सांगतो, कधीपासून ते सांगत नाही.

चार तासांसाठी ५:४१ हवा होता. पहिले १० तुम्ही ५४:४० ला केलेत, हवे होते ५६:५३. ती सव्वादोन मिनिटं पुढे कामी येतील असं वाटलं असणार, पण हाफला येईपर्यंत त्यातलं एक मिनिटच शिल्लक होतं, उरलेलं खर्च झालेलं.

सावकाश_जाशील
म्हणजे मी म्हटलं तेच, सुरुवात फास्ट.

मैलाचा दगड
हो, ते बरोबर होतं तुमचं. ५% ची रेघ मात्र मला पटत नाही. शेवटी ऊन होतं म्हणतायत. त्याच रेसच्या निकालात १:५८ ते २:०० ला हाफ केलेले वीस-पंचवीस जण घ्या, त्यांचे टक्के काढा आणि मधला आकडा बघा. सगळेच ९-१० वर असतील तर त्यातलं बरंचसं उन्हाचं. ते ४ वर असतील तर तुमचं.

जेलवाला
पण जेल कुठला घेतला ते सांगितलंच नाही.

धापाधाप
दोन घेतले, १२ ला आणि २४ ला. निकालातले २२ जण काढले आत्ता, मधला ७.१% येतोय. म्हणजे ऊन पण आणि मी पण? आणि माझे २२ शी लावताना ११.८ धरू की १६.८?

मैलाचा दगड
१६.८. त्यांच्यातही कोणी ना कोणी थांबलंच असेल, ते आपल्याला कुठे माहितीय.

सावकाश_जाशील
आता का वजा नाही करत? :D

धापाधाप
तुमचं चालू दे. मी मागच्या रेसचे स्प्लिट उघडले, तिथे पण पहिले १० किमी ५:२९ ने आहेत, तेव्हा क्रॅम्प नव्हता, ऊनही नव्हतं, आणि टक्का १२.३.