रेघ एकीकडे, हातबॉम्ब भलतीकडे

खानापूरकर: युनिटीत गेम करालोय. हातबॉम्ब फेकण्याआधी कमानीची रेघ दिसते. वेग १५, कोन ४५ अंश. रेघ २२.९ मीटरवर टेकते, बॉम्ब तीन मीटर अलीकडे पडतो. सूत्र अकरावीचंच आहे, म्हणजे इंजिन चुकतंय. कुणी पटवून द्या.

टिळकवाडीकर: `Fixed Timestep` ०.०२ चा ०.०१ कर. मिटलं.

शहापूरचा: काही मिटत नाही. इंजिन दर पावलाला आधी वेगात गुरुत्व मिसळतं, मग त्या नव्या वेगानं वस्तू पुढे सरकवतं. सूत्रापेक्षा ती थोडी खाली राहते. सुमारे २.२ सेकंदांच्या या फेकीत ते जेमतेम २१ सेंटीमीटर. पाऊल निम्मं केलंस तर १०-११ उरतील. तीन मीटर कुठून आले? खानापूरकर, बॉम्बच्या `Drag` मध्ये ०.१ आहे का बघ. सूत्राला हवेचा अडथळा माहीतच नाही, इंजिन मात्र दर पावलाला वेग छाटतं. इंजिन करतं तेच रेघेत कर:

```
v += g * dt;
v *= 1f - drag * dt;
p += v * dt;
```

`dt` म्हणजे `Time.fixedDeltaTime`. `Time.deltaTime` घातलास तर रेघ थरथरेल.

कडोलीकर: मुळात रेघ कशाला? माझे मामा मराठा सेंटरात होते. पिन काढल्यावर कुणी रेघ दाखवत नाही, हात आणि अंदाज, बस्स.

टिळकवाडीकर: मामांनी मोबाईलवर अंगठ्यानं फेकला होता काय?

कडोलीकर: मामांवर जाऊ नकोस. सगळं आयतं पाहिजे तुम्हाला. आम्ही पोरं गोफणीनं जोंधळ्यातली पाखरं उडवायचो, दगड कुठं पडणार ते मनगटाला कळायचं.

निपाणीची: गोफणीचा दगड माझ्या काकूच्या कौलावर पडायचा, मनगटाला कळत होतं तरी! खरं यांचं एक पटतं. माझ्या गेममधली रेघ मी अर्ध्यावरच पुसट केली. चूकही झाकली गेली, खेळायलाही मजा आली.

शहापूरचा: झाकली म्हणजे गेली नाही, ताई.

निपाणीची: तुमचा गेम बाहेर पडला का हो अजून? माझा पडलाय.

कडोलीकर: घ्या!

खानापूरकर: भांडा तुम्ही. `Drag` ०.१ च होता, कुणी घातला देव जाणे. शून्य केल्यावर फरक वीतभर उरला. परत ०.१ करून तुमच्या तीन ओळी घातल्या तर मोकळ्या मैदानात रेघ बरोबर बसली. इंजिनची माफी मागतो, तुमची नाही. खरं किल्ल्याच्या भिंतीवरून फेकला की रेघ कठड्याला चाटून पलीकडे जाते, बॉम्ब कठड्यालाच थडकतो.

शहापूरचा: रेघ `Raycast` नं तपासतोस ना? तो केसाएवढा बारीक, बॉम्बला जाडी आहे. बॉम्बच्या त्रिज्येचा `SphereCast` लाव.

खानापूरकर: लावला. थडक जुळली. उसळी अजून भलतीकडेच जाते.

टिळकवाडीकर: पाऊल ०.०१ करून तरी बघ की रे.