मशीन लावूनही विसरभोळेपणा का जात नाही?

झोपेत श्वास अडण्याच्या आजारावर, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियावर, रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन वापरणाऱ्या एकाचा प्रश्न: "तीन महिने सीपॅप लावतोय, ऐरोली-ठाणे लोकलमध्ये डुलक्या बंद झाल्या, पण नावं आठवत नाहीत, चिडचिडही तशीच. एएचआय, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो तो आकडा, 3 आहे, वापर सरासरी साडेचार तास."

गोम त्या साडेचार तासांत आहे. मशीन श्वास मोजतं ते मास्क तोंडावर असेपर्यंतच. अकराला झोपून साडेतीनला मास्क निघाला, तर सहापर्यंतचे अडीच तास त्या 3 च्या आकड्यात येतच नाहीत. आणि स्वप्नांची, म्हणजे रेम झोप मुख्यतः पहाटेच असते. तेव्हा घशाचे स्नायू सर्वांत सैल पडतात, श्वास जास्त वेळ अडतो, ऑक्सिजनही जास्त घसरतो. भावना सावरण्याचं आणि आठवणी पक्क्या करण्याचं बरंच काम याच झोपेत होतं असं मानतात. दिवसाची पेंग चार तासांच्या वापरानेही बऱ्याच जणांची कमी होते. 2006 च्या एका अभ्यासात स्मरणशक्ती पूर्ववत होण्याचं प्रमाण सहा तासांहून अधिक वापरणाऱ्यांत बरंच जास्त होतं.

त्यामुळे सरासरी सोडा, मशीनच्या अ‍ॅपमध्ये रोजचा आलेख उघडून मास्क किती वाजता निघतो ते बघा. त्याच्या आधी मास्कमधून हवेची गळती वाढलेली दिसली आणि सकाळी तोंड कोरडं असेल, तर तोंड उघडं पडतंय. नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क घेणं किंवा हवेला ओलावा देणारा ह्युमिडिफायर वाढवणं, हे तंत्रज्ञाला विचारा. (एसीचा झोत थेट तोंडावर नको.) सहा-सात तास नीट वापरून दोन-तीन महिन्यांनीही फरक नसेल, तर बी12, थायरॉइड आणि नैराश्य तपासून घ्या. लक्ष टिकणं आधी सुधारतं. नियोजन, एकावेळी दोन कामं सांभाळणं हे काहींचं पूर्ण परत येत नाही.