मदत हवी आहे: जाहिरात वर गेली, क्लिक महागला आणि लीड्सचा दर्जा घसरला

सायलीची_वही
नमस्कार. उत्तर जरा लवकर हवंय, सोमवारी ग्राहकाला अहवाल द्यायचाय.

गूगल सर्चवर एकच मोहीम आहे, फॉर्म भरून लीड्स येतात. ग्राहकाचा हट्ट होता की जाहिरात वरच दिसली पाहिजे, म्हणून बिडिंग बदललं. आधीच्या महिन्यात 1000 क्लिक, सरासरी सीपीसी 20, कन्व्हर्जन 40. बदलानंतरच्या महिन्यात 1400 क्लिक, सीपीसी जवळपास 27, कन्व्हर्जन 60. Impr. (Top) % 76 वरून 89 झालं. (ग्राहकाचा खर्च उघड करता येत नाही, त्यामुळे सगळ्या रकमा एकाच प्रमाणात बदलून लिहिल्यात.)

कन्व्हर्जन दर थोडा वाढलाच आहे. पण विक्रीवाले म्हणतात की लीड्स बेकार येताहेत. आधी 40 पैकी 16 कामाच्या होत्या, आता 60 पैकी 19. वरच्या जागेमुळे दर्जा पडतो का? आणि ग्राहक अजूनही सरासरी पोझिशन मागतो, ती कुठून काढू?

जुनाखेळाडू
वरच्या जागेमुळेच पडतो. जो घाईत असतो तो पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवतो, फॉर्म भरतो आणि विसरून जातो. जो खाली उतरून चार ठिकाणी वाचतो तो खरा ग्राहक. मी कायम तिसऱ्या पोझिशनवर राहायचो, निम्म्या पैशात चांगल्या लीड्स. बिड कमी करा, प्रश्न मिटला.

हिरवी_पाटी
सरासरी पोझिशन सर्च कन्सोलमध्ये मिळते की. Performance रिपोर्ट उघडा, वर Average position चा चौकोन आहे तो चालू करा. आमच्या साइटची 14 वरून 6 झाली, फक्त शीर्षकं बदलून. तुमची शीर्षकं कशी आहेत?

सायलीची_वही
@हिरवी_पाटी, मी जाहिरातींबद्दल विचारतेय, ते फुकटच्या निकालांचं आहे.

अंकगणिती
सायलीताई, निदान करण्याआधी चार गोष्टी कळायला हव्यात. बिडिंग कशावरून कशावर नेलंत? त्याच सुमारास कीवर्ड किंवा मॅच टाइप बदलले का? ब्रँडच्या नावाचे शब्द याच मोहिमेत आहेत का? आणि लीड कामाची आहे हे विक्रीवाले किती दिवसांनी ठरवतात?

सरासरी पोझिशनचं म्हणाल तर तो कॉलम गूगलने 30 सप्टेंबर 2019 ला बंद केला. ग्राहकाला सांगा की तो असता तरी उपयोग झाला नसता. जाहिरातींमध्ये तुमचा नंबर कितवा, एवढंच तो सांगायचा, पानावरची जागा नाही. वर एकही जाहिरात नसेल तर पानाच्या तळाशी असलेली पहिली जाहिरातसुद्धा पोझिशन 1 मोजली जायची.

सायलीची_वही
मॅन्युअल सीपीसी होतं, आता Target impression share, पानाच्या वरच्या भागासाठी. ब्रँडची मोहीम वेगळी आहे. कीवर्ड तेच आहेत, फक्त त्याच आठवड्यात काही ब्रॉड मॅचमध्ये जोडले, कारण ग्राहकाला संख्याही हवी होती. त्याचा इथे काय संबंध? विक्रीवाले साधारण तीन-चार आठवड्यांत शेरा मारतात.

अंकगणिती
संबंध तिथेच आहे. ब्रॉड मॅचमुळे कीवर्डच्या नुसत्या आसपासचे शोधही आत येतात. एकाच आठवड्यात दोन गोष्टी बदलल्यात आणि दोन्हींचा परिणाम एका बेरजेत बसलाय. सर्च टर्म्स रिपोर्ट काढा आणि दोन ढीग करा. आधीच्या महिन्यात ज्या शोधांवर क्लिक आले होते ते एकीकडे, ब्रॉड मॅचने नव्याने आणलेले दुसरीकडे. मग क्लिक, खर्च, कन्व्हर्जन आणि कामाच्या लीड्स इथे टाका.

जुनाखेळाडू
एवढा खटाटोप कशाला? वर गेलं की दर्जा पडतो हे मी स्वतः पाहिलंय.

अंकगणिती
साहेब, तुम्ही पाहिलंत ते खोटं नाही, पण त्याचं कारण वेगळं असू शकतं. तिसऱ्या पोझिशनवर राहण्यासाठी तुम्ही बिड कमी ठेवत होतात. कमी बिडवर जिथे स्पर्धा तगडी तिथे जाहिरात दिसतच नाही, म्हणजे शोधांचं मिश्रणच बदलतं. चांगल्या लीड्स त्या मिश्रणातून आल्या की जागेमुळे, हे सरासरीवरून कळत नाही.

गूगलचे तेव्हाचे मुख्य अर्थतज्ज्ञ हॅल व्हॅरियन यांनी 2009 मध्ये हाच मुद्दा मांडला होता. मिश्रणाचा परिणाम बाजूला काढला तर कन्व्हर्जन दर जागेनुसार फारसा हलत नाही. सगळ्यात चांगल्या जागी 1.0% असेल तर सगळ्यात खालच्या जागी साधारण 0.95%.

जुनाखेळाडू
2009! तेव्हा उजव्या बाजूला जाहिरातींची रांग असायची. 2016 मध्ये ती काढली. आणि ते कन्व्हर्जनबद्दल आहे, लीड कामाची निघते का याबद्दल नाही. शिवाय जाहिरात विकणाराच सांगणार की वर या, काही बिघडत नाही.

अंकगणिती
पानाची मांडणी बदलली हे मान्य, आणि लीडच्या दर्जाबद्दल त्यात काही नाही हेही मान्य. म्हणूनच तर यांचेच आकडे मागतोय.

मधली_सुट्टी
माझंही असंच झालंय, फक्त उलट. आमच्याच ब्रँडच्या नावावर एक स्पर्धक वर बसलाय, Impr. (Abs. Top) % 95 वरून 70 वर आलं आणि सीपीसी दुप्पट. मी काय करू?

हिरवी_पाटी
@मधली_सुट्टी, क्वालिटी स्कोअर वाढवा, लँडिंग पेज जलद करा. सायली, तुमचं पेज मोबाइलवर किती वेळात उघडतं?

सायलीची_वही
पेज तेच आहे, दोन्ही महिन्यांत. ढीग केले. अहवालात न दिसणारे थोडे शोध होते, ते त्यांच्या कीवर्डप्रमाणे वाटून टाकले.

जुने शोध, आधी: 1000 क्लिक, खर्च 20,000, कन्व्हर्जन 40, कामाच्या 16.
तेच शोध, नंतर: 1150 क्लिक, खर्च 29,900, कन्व्हर्जन 46, कामाच्या 18. Top 88%.
ब्रॉडने आणलेले: 250 क्लिक, खर्च 7,500, कन्व्हर्जन 14, कामाची फक्त 1.

अंकगणिती
आता चित्र दिसतंय. आधी दर्जा बघू. जुन्या शोधांवर आधी 40 पैकी 16 म्हणजे 40% कामाच्या, नंतर 46 पैकी 18 म्हणजे 39%. जाहिरात वर गेली तरी दर्जा होता तिथेच आहे. घसरण आली ती ब्रॉडच्या 14 मधून. त्यांचा कन्व्हर्जन दर 5.6% आहे, म्हणून एकूण दर वाढल्यासारखा दिसला, पण त्यातून कामाची एकच निघाली. ते शोध वाचून बघा, बहुतेक कोणी माहिती तर कोणी नोकरी शोधत आलं असेल.

आता खर्च. जुन्या शोधांचा सीपीसी 20 वरून 26 झाला, म्हणजे क्लिकमागे 6 जास्त, असं ग्राहकाला वाटेल. पण वर जाण्याची किंमत तुम्ही फक्त नव्या क्लिकवर देत नाही, आधी मिळत होते ते हजार क्लिकही महाग होतात. जादा खर्च 9,900, जादा क्लिक 150. म्हणजे प्रत्येक जादा क्लिक 66 ला पडला. जादा कन्व्हर्जन 6, प्रत्येकी 1,650, आधी 500 ला मिळत होतं. सरासरीत हे लपतं, कारण 29,900 भागिले 46 केलं तर 650 येतात आणि ते ठीकठाक वाटतात.

सायलीची_वही
पण आमच्या खाली दोनच स्पर्धक असतात, तेही छोटे. मग एवढं महाग का?

अंकगणिती
कारण भाव फक्त खालच्या स्पर्धकावर ठरत नाही. वरच्या जागेसाठी अॅड रँकचा किमान उंबरठा असतो आणि तो तळाच्या जागेपेक्षा उंच असतो. खाली कोणीही नसलं तरी तो ओलांडण्याइतकी किंमत पडते. त्यात Target impression share कन्व्हर्जनकडे बघतच नाही. ठरलेला वाटा गाठायला जिथे जास्त मोजावं लागेल तिथेही ते मोजतं. कमाल सीपीसीची मर्यादा घातली आहे का?

सायलीची_वही
नाही. लक्ष्य 85% टाकलंय, आणि Impr. (Top) % 89 आहे म्हणजे ते गाठलंय ना?

अंकगणिती
ते गाठलं का हे त्या कॉलममध्ये दिसत नाही, Search top IS मध्ये बघा. Impr. (Top) % म्हणजे तुमची जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यातल्या किती वेळा वर दिसली. दिसलीच नाही ते लिलाव त्यात मोजले जात नाहीत. समजा वरच्या जागेच्या 100 संधी होत्या, जाहिरात 40 वेळाच दिसली, त्यातल्या 34 वेळा वर. कॉलम 85% दाखवेल, पण वाटा 34% आहे. बिड कमी केली तर तळाचे लिलाव आधी गळतात आणि हा आकडा उलट वाढूही शकतो.

सायलीची_वही
Search top IS 61% आहे. म्हणजे ते अजून वर खेचणार?

अंकगणिती
हो, बजेट आहे तोवर प्रयत्न चालूच राहील, आणि पुढचे क्लिक 66 पेक्षाही महाग पडण्याची शक्यता जास्त. आजच कमाल मर्यादा घाला. त्याला माझा एक ठोकताळा आहे. आधीच्या महिन्यात 20,000 मध्ये 16 कामाच्या, म्हणजे एक 1,250 ला. जादा दोन कामाच्या लीड्स 9,900 ला, म्हणजे एक 4,950 ला. एका कामाच्या लीडमागे ग्राहकाला नफा किती राहतो ते विचारा. 4,950 पेक्षा बराच जास्त राहत असेल तर वर राहणं परवडतं आणि ग्राहकाचा हट्ट बरोबर आहे.

जुनाखेळाडू
दोन लीड्सवर हिशोब? पुढच्या महिन्यात शून्य आल्या तर? आणि विक्रीवाले तीन-चार आठवडे घेतात, म्हणजे नंतरच्या महिन्यातल्या बऱ्याच लीड्सवर अजून शेराच नसेल.

अंकगणिती
हा मुद्दा एकदम बरोबर. 18 चा आकडा अजून वाढू शकतो, ब्रॉडचा 1 सुद्धा. सायलीताई, शेरा न मारलेल्या किती आहेत?

सायलीची_वही
विचारलं. जुन्या शोधांच्या 46 पैकी 7 बाकी आहेत, ब्रॉडच्या 14 पैकी 2.

अंकगणिती
मग ब्रॉडबद्दल माझं मत बदलत नाही, दोन्ही कामाच्या निघाल्या तरी 14 पैकी 3 होतात. ते कीवर्ड वेगळ्या मोहिमेत न्या किंवा थांबवा. जुन्या शोधांवर मात्र 18 ते 25 काहीही होऊ शकतं. सगळ्या सातही कामाच्या निघाल्या तर 9 जादा लीड्स, प्रत्येकी 1,100, म्हणजे आधीपेक्षा स्वस्त. तसं होईल असं वाटत नाही, पण सोमवारच्या अहवालात 4,950 हा पक्का आकडा म्हणून लिहू नका.

खात्री हवी असेल तर Experiments मध्ये 50-50 विभागणी करा, एका बाजूला मॅन्युअल, दुसरीकडे मर्यादा घातलेलं Target impression share, कीवर्ड दोन्हीकडे तेच. विभागणी कुकीवर ठेवा, म्हणजे एकाच माणसाला दोन्ही बाजू दिसत नाहीत. फॉर्मसोबत gclid साठवा आणि कामाची ठरलेली लीड परत अपलोड करा. मग हा हिशोब हाताने करावा लागणार नाही.

जुनाखेळाडू
महिन्याला 16 कामाच्या लीड्स, त्यात निम्मी विभागणी. आठ विरुद्ध नऊ आलं तर काय ठरवणार? मी तरी मॅन्युअलवर परत जाईन.

अंकगणिती
दर्जावर निकाल लागायला काही महिने जातील, ते खरं. पण जादा क्लिक केवढ्याला पडतो हे पहिल्या महिन्यातच दिसेल.

सायलीची_वही
मर्यादा 24 घातली, ब्रॉड थांबवलं. अहवालात जुन्या शोधांचा तक्ता देते आणि 7 लीड्स बाकी असल्याचं लिहिते. शेरे आले की इथे टाकेन. gclid साठी फॉर्ममध्ये लपलेलं फील्ड लागेल ना? आमचा फॉर्म तिसऱ्याच कंपनीच्या साधनावर आहे, तिथे ते कोणी केलंय का?

मधली_सुट्टी
आणि माझ्या ब्रँडच्या नावाचं?