परदेशातील एटीएममधून पैसे काढताना आलेले अनुभव

आमच्या दारव्हा तालुक्यातील काही उपासक थायलंडमधील विहारांच्या दर्शनाला निघाले आहेत. तिथल्या एटीएममधून पैसे काढल्यावर शुल्क नेमके कुठे कुठे कापले जाते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वरुडहून: बँकॉकला गेलो असता मशीनने स्वतःचे 220 बाट शुल्क आधीच दाखवले होते. रक्कम कितीही असली तरी ते तेवढेच राहते, त्यामुळे 2,000 बाट काढणाऱ्याला ते 11 टक्के पडते आणि 10,000 काढणाऱ्याला जेमतेम सव्वादोन टक्के. थोडे थोडे पैसे काढण्याची आपली सवय तिथे महागात पडते.

चिखलीहून: आमचे तर कार्डच चालले नाही! परदेशी व्यवहाराची सोय बंद होती आणि ती सुरू करायला लागणारा ओटीपी, रोमिंग नसल्यामुळे, येईना. निघण्यापूर्वी घरीच ती सुरू करून घ्यावी.

आर्वीहून: मशीन शेवटी रुपयांत रक्कम दाखवते, तीच स्वीकारावी. व्यवहार रुपयांत झाला की आपल्या बँकेचा मार्कअप, म्हणजे चलन बदलताना ती टक्क्यांत लावते तो जादा आकार, लागत नाही.

पुसदहून, निवृत्त बँक कर्मचारी: आर्वीच्या भाऊंचे म्हणणे अर्धेच खरे आहे. बँकेचा मार्कअप टळला असे मानले, तरी त्याहून मोठा मार्कअप मशीनने आपल्या दरात आधीच मिसळलेला असतो. समजा, व्हिसा, मास्टरकार्ड अशा कार्ड नेटवर्कचा दर बाटला 2.60 रुपये आहे आणि मशीन 2.81 दाखवते. 10,000 बाट आणि 220 शुल्क मिळून मशीनच्या दराने 28,718 रुपये होतात. तेच बाटमध्ये ठेवले तर 26,572 रुपये, त्यावर साडेतीन टक्के मार्कअप आणि त्या मार्कअपवरचा जीएसटी धरून सुमारे 27,670 रुपये, म्हणजे हजारावर रुपयांचा फरक पडतो. बँकेचे प्रतिव्यवहार शुल्क, समजा 125 रुपये आणि जीएसटी, दोन्हीकडे सारखेच असल्याने मी ते धरलेले नाही. म्हणून `Continue without conversion` किंवा `Decline conversion` असे बटण दाबावे. नकार दिल्याने व्यवहार रद्द होत नाही, पैसे मिळतात. फक्त दर कार्ड नेटवर्क ठरवते.

वरुडहून: ताईंचे बरोबर आहे. माझ्या सोबत्याने घाईत `Accept` दाबले होते. त्याच्या पावतीवर रुपयांतील रक्कम आणि दर छापलेला होता, माझ्या पावतीवर फक्त बाट होते.

आर्वीहून: हिशेब पटला. पण माझ्या बँकेचा मार्कअप साडेतीनच आहे, हे कुठे पाहायचे?

पुसदहून: बँकेच्या डेबिट कार्ड शुल्कपत्रकात पाहा. मात्र काही बँका परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही वेगळे शुल्क घेतात. तुमची घेते का, ते शाखेतच विचारावे लागेल.