मदत हवी आहे: मावळतीच्या उन्हातला प्रसंग, प्रकाश अर्ध्यातच पळतो

कपाशीकाठ: राम राम मंडळी. यावलजवळ कपाशीच्या शेतात लघुपटातला एक प्रसंग चित्रित करायचाय. बाप-लेकीचं बोलणं, सात शॉट, २० नोव्हेंबरच्या आसपास. दोघांच्याही पाठीमागून सोनेरी ऊन हवंय. शेताच्या पश्चिमेला साठ फुटांवर केळीची बाग आहे, उत्तरेला सातपुडा. ॲप सूर्यास्त पावणेसहाचा दाखवतं, पण चाचणीला सव्वापाचनंतर लगेच चेहऱ्यांवरचं ऊन गेलं. सातपुड्यामुळे असेल का? आणि एवढ्या वेळात सात शॉट बसवायचे कसे?

धुळेकर फ्रेम: ॲपबिप सोड भाऊ. हात लांब करून सूर्य आणि क्षितिजामध्ये बोटं आडवी धर. एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं. चार बोटं मावली की तासभर हातात आहे.

सावलीमाप: बोटांची युक्ती चांगली, हिशोब मात्र आपल्याकडचा नाही. चार बोटं म्हणजे साधारण आठ अंश. आपल्या अक्षांशावर नोव्हेंबरात सूर्य तासाला तेरा अंशांनी उतरतो, म्हणजे चार बोटांना जेमतेम ३५ ते ४० मिनिटं. तो तास खूप उत्तरेकडच्या देशांत जुळतो, तिथे सूर्य तिरका उतरतो.

कपाशीकाठ, सातपुड्याचा दोष नाही. त्या दिवसांत सूर्य २४९ अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो. तुमचं ऊन केळी खाते. बाग दहा फूट धरा, चेहरा पाच फुटांवर. साठ फुटांवरून पानांचा शेंडा डोळ्यांच्या रेषेवर पावणेपाच अंश येतो, तेवढं उतरायला सूर्याला २२ मिनिटं लागतात. म्हणून चेहऱ्यावरचं ऊन ५:२३ ला संपतं. जमिनीला तर पूर्ण दहा फूट आडवे येतात, तिथे पाचलाच सावली पडते. वाइडमध्ये खालची कपाशी काळवंडलेली दिसली असेल, बघा. ॲप सपाट क्षितिज धरतं, त्याला तुमची बाग कुठे माहीत?

बागेपासून दोनशे फूट मागे सरका. मग चेहऱ्यावर ५:३८ पर्यंत आणि जमिनीवर ५:३२ पर्यंत ऊन राहील.

कपाशीकाठ: जमिनीचं डोक्यातच आलं नव्हतं! मागे जागा आहे. पण तरी पाच ते ५:३८ मध्ये सात शॉट?

सावलीमाप: एका संध्याकाळी नाहीच. दोन घ्या. तेव्हा सूर्यास्ताची वेळ दिवसाला मिनिटभरही बदलत नाही, त्यामुळे घड्याळ जुळतं. पहिल्या दिवशी वाइड आणि बापाच्या बाजूचे शॉट, दुसऱ्या दिवशी त्याच वेळांना लेकीच्या बाजूचे. बांधावर सपाट, उघड्या जागी एक फूट उंचीची काडी उभी रोवा. सावली साडेनऊ फूट झाली की सूर्य सहा अंशांवर आहे. प्रत्येक शॉटला सावलीच्या टोकाशी चुन्याची खूण करून शॉटचा क्रमांक लिहा. दुसऱ्या दिवशी सावली त्या खुणेवर आली की कॅमेरा सुरू.

लेकीच्या क्लोजअपला दोघांना जागेवरच फिरवून तिची पाठ सूर्याकडे करा. नजरेची दिशा मात्र वाइडमधलीच ठेवा. मागे नुसती कपाशी दिसू द्या, ओळखू येईल असं झाड किंवा डांब नको, नाहीतर चोरी पकडली जाते.

पाटचारी: व्हाइट बॅलन्स ऑटोवर नको, ५६०० ला बांधून टाका. ऑटो सोनेरीपणा काढून टाकतं आणि दर शॉटला वेगळा काढतं. उजेड शेवटच्या अर्ध्या तासात तीन-चार स्टॉप पडतो. छिद्र हलवू नका, पाठीमागची धूसरता बदलते. सुरुवातीलाच एनडी लावा आणि उतरवत चला. चेहऱ्यांना पांढरं थर्माकोल पुरेल, सोनेरी रिफ्लेक्टर कावीळ झाल्यासारखा दिसतो.

एका गोष्टीत माझं वेगळं मत. वाइड आधी नको. क्लोजअपमध्ये ऊन थोडं वर असलं तरी खपतं, ते पाचला उरका. लांब सावल्यांचा वाइड सव्वापाच ते साडेपाच.

सावलीमाप: वाइडला तीच वेळ बरोबर. पण क्लोजअप मी नंतर घेईन. ऊन गेलं तरी एलईडीवर नारिंगी जेल लावून पाठीमागचं ऊन उभं करता येतं. वाइडला ती सोय नाही.

पाटचारी: येतं, पण मागे आभाळ आलं की फसतं, ते तोवर निळं पडलेलं असतं. शिवाय शेतात बॅटरीवरचा दिवा कितीसा दमदार असणार?

धुळेकर फ्रेम: विषय निघालाच आहे तर, लळिंगच्या किल्ल्यावर जूनमध्ये प्रीवेडिंग आहे. तिथेही २४९ च का?

सावलीमाप: नाही हो दादा. जूनअखेर सूर्य २९५ च्या आसपास मावळतो, जवळजवळ ४५ अंश उजवीकडे. जागा नव्याने बघावी लागेल, आणि तेव्हा ढगांचाही भरवसा नाही.

कपाशीकाठ: उद्या टेप घेऊन बागेची खरी उंची मोजतो. क्लोजअप आधी की नंतर, ते दिवा किती दमाचा मिळतो त्यावर ठरवेन. कुणाकडे यावल-फैजपूर भागात भाड्याने एलईडी असेल तर सांगा.