मदत हवी आहे : इंटिरियर डिझायनरच्या रेझ्युमेत क्षेत्रफळ, बजेट आणि साइटवरील देखरेख नेमकी कशी मांडावी?

नवी_रेघ :
मी पुण्यातील एका लहान डिझाइन स्टुडिओत पाच वर्षे काम करते आणि आता मोठ्या कार्यालयांची अंतर्गत सजावट करणाऱ्या कंपनीत प्रोजेक्ट डिझायनर या पदासाठी अर्ज करणार आहे. माझ्याकडे घरे, दोन दवाखाने आणि बाणेरमधील एक कार्यालय असे मिश्र काम आहे. सध्या रेझ्युमेत कार्यालयाबद्दल एवढेच लिहिले आहे : "२,४०० चौ. फूट, ५० लाखांचा प्रकल्प, संकल्पनेपासून हँडओव्हरपर्यंत संपूर्ण जबाबदारी." प्रत्यक्षात संकल्पना आमच्या मुख्य डिझायनरची होती, कामाची रेखाचित्रे, बीओक्यू, साइट आणि विक्रेत्यांशी समन्वय माझ्याकडे होता. हे कमीपणा न येता, पण खरे राहील असे कसे लिहावे?

सागवान :
वरच्या भागातच एकूण बेरीज द्यावी, म्हणजे इतके चौरस फूट आणि इतके कोटी, कारण पहिली चाळणी लावणारी व्यक्ती बहुधा डिझायनर नसते. शिवाय क्षेत्रफळ सुपर बिल्टअप धरून लिहावे; आकडा भरदार दिसतो आणि सगळे तेच करतात.

ओळंबा :
बेरीज देण्यास हरकत नाही, पण सुपर बिल्टअपचा सल्ला कृपया मानू नका. त्यात जिना, लिफ्ट आणि लॉबीचा वाटा येतो, आणि तिथे तुम्ही एक खिळाही ठोकलेला नसतो. मी उमेदवारांच्या मुलाखती घेतो आणि बजेटला क्षेत्रफळाने भागणे ही माझी पहिली सवय आहे. कार्पेट क्षेत्र २,४०० आणि बजेट ४८ लाख असेल तर चौरस फुटाला २,००० रुपये पडतात. तेच काम ३,४०० चौ. फूट दाखवले तर दर सुमारे १,४०० वर येतो, आणि मग एवढ्यात विभाजक भिंती, सीलिंग, विद्युतकाम आणि फर्निचर बसवले कसे, या प्रश्नाला उमेदवाराकडे उत्तर नसते.

बजेटच्या आकड्यात काय धरले आहे तेही लिहिले पाहिजे. वातानुकूलन, तयार खुर्च्या, जीएसटी आणि स्टुडिओची फी यांपैकी काय आत आणि काय बाहेर? मूळ अंदाजपत्रक व अंतिम बिल हे दोन्ही आकडे असतील तर जरूर द्या.

नवी_रेघ :
मूळ अंदाजपत्रक ४८ लाख होते. वातानुकूलन, खुर्च्या, जीएसटी आणि आमची फी त्यात नव्हती. अंतिम बिल त्याच आधारावर ५१.५ लाख झाले. वाढीपैकी २.६ लाख ग्राहकाने नंतर सांगितलेल्या दुसऱ्या बैठक कक्षाचे होते, उरलेले ९० हजार वाढीव विद्युत पॉइंटचे. वाढ दाखवली तर नियंत्रण नव्हते असे वाटणार नाही का?

भाडेकरू_नाशिक :
आमच्या घराचे काम करून घेताना मी कुणाचाही रेझ्युमे मागितला नव्हता. मी डिझायनरने आधी केलेले घर पाहिले आणि तिथल्या बाईंना विचारले की सुतार वेळेवर येत होता का. त्यामुळे आकड्यांपेक्षा छायाचित्रांवर भर द्यावा असे मला वाटते.

नवी_रेघ :
धन्यवाद, पण मी ग्राहकाकडे नव्हे तर नोकरीसाठी अर्ज करत आहे. छायाचित्रांचा पोर्टफोलिओ वेगळा जोडणार आहे.

ओळंबा :
कारणासह दाखवलेली वाढ उलट विश्वास वाढवते. मी ही नोंद अशी लिहीन :

"कार्यालय, बाणेर, कार्पेट क्षेत्र २,४०० चौ. फूट. अंदाजपत्रक ४८ लाख, अंतिम बिल ५१.५ लाख, दोन्ही वातानुकूलन, खुर्च्या, जीएसटी व डिझाइन फी वगळून. वाढीपैकी २.६ लाख ग्राहकाने वाढवलेल्या कामाचे. संकल्पना मुख्य डिझायनरची. कामाची रेखाचित्रे, बीओक्यू, साइटवरील देखरेख आणि बिलांची मोजमाप-तपासणी माझ्याकडे."

"देखरेख केली" एवढ्यावर मात्र थांबू नका, कारण रोज साइटवर जाऊन नुसते फोटो पाठवणाराही तेच लिहितो. सीलिंग बंद होण्यापूर्वी एसीच्या निचरा नळीचा उतार पाणी सोडून तपासला का, भिंतीतील विद्युत नळ्या बुजवण्याआधी त्यांची मापे नोंदवली का, अशी तुमच्या मंजुरीशिवाय पुढे न सरकलेली दोन-तीन कामे लिहा. विक्रेत्यांचेही तसेच. किती विक्रेते होते यापेक्षा दरपत्रके एका पातळीवर कशी आणली ते सांगा. एक सुतार कपाटाचा दर फक्त दर्शनी मापावर देतो, दुसरा आतल्या फळ्याही मोजतो. बिजागऱ्या आणि सरकत्या पट्ट्या एकाच्या दरात असतात, दुसऱ्याच्या नसतात. हे ज्याने सोडवले आहे तो दोन वाक्यांत ओळखू येतो.

सागवान :
सुपर बिल्टअपचे मान्य. पण ग्राहकाचे बजेट इतके उघड लिहिणे मला पटत नाही. आमच्याकडे गोपनीयतेच्या करारावर सही घेतात.

ओळंबा :
ग्राहकाचे नाव गाळले तर पुरेसे आहे, असे माझे मत आहे.

सागवान :
बाणेरमधील २,४०० चौ. फुटांचे कार्यालय म्हटले की आपल्या क्षेत्रातल्या माणसाला नाव न सांगताही कळू शकते. मी "४५ ते ५५ लाख" असा टप्पाच लिहीन.

नवी_रेघ :
आमच्या नियुक्तिपत्रात गोपनीयतेचे एक कलम आहे, पण त्यात बिलांच्या रकमा येतात की केवळ रेखाचित्रे, हे त्यावरून स्पष्ट होत नाही. मुख्य डिझायनरना विचारावे तर नोकरी सोडणार असल्याचे आताच उघड होईल. तोपर्यंत नोंद वरीलप्रमाणे करते, फक्त रकमांच्या जागी टप्पा आणि वाढीची टक्केवारी ठेवते.